भुलीपूर्वीची चिठ्ठी : सर्जन काय विचारतात, फिजिशियन काय कळवतात

गेल्या सुगीनंतर बेळगावकडील आमच्या परिचयाचे एक शेतकरी काका उजव्या जांघेतल्या अंतर्गळासाठी, म्हणजे हर्नियासाठी, सर्जनकडे गेले. वय ६१, मधुमेह बारा वर्षांचा, रक्तदाबाच्या गोळ्या सहा वर्षांच्या. सर्जननी तपासून जाळी बसवायचे ठरवले आणि हातात एक चिठ्ठी देऊन त्यांना फिजिशियनकडे पाठवले. चिठ्ठीत एवढेच होते : ‘मधुमेह व रक्तदाब असलेला रुग्ण. भुलीस योग्य आहे काय, ते कृपया कळवावे.’

काकांना वाटले, तलाठ्याच्या शिक्क्यासारखा हा एक शिक्का, तासाभरात मिळेल. आम्हालाही पूर्वी तसेच वाटे. पण फिजिशियननी चिठ्ठी वाचली आणि पहिल्यांदा सर्जननाच फोन लावला. कोणती शस्त्रक्रिया? किती वेळाची? भूल पाठीत सुई देऊन की पूर्ण झोपवून? थांबता येण्यासारखे आहे की घाईचे? या चार गोष्टी कळल्याशिवाय ‘योग्य’ किंवा ‘अयोग्य’ या शब्दाला अर्थ नाही, असे ते म्हणाले. शिवाय भूल द्यायची की नाही हे शेवटी भूलतज्ज्ञ ठरवतात. फिजिशियनचे काम म्हणजे धोका कुठे आहे, तो किती कमी करता येईल आणि कोणती गोळी कधी बंद करायची, हे लिहून देणे.

काकांचा रक्तदाब पहिल्याने १७६/१०४ भरला. मुलगा घाबरला, शस्त्रक्रिया आता रद्द होणार, असे त्याला वाटले. दहा मिनिटे शांत बसवून पुन्हा मोजला तेव्हा १६२/९६ आला. एवढ्या रक्तदाबासाठी सहसा शस्त्रक्रिया पुढे ढकलत नाहीत. १८०/११० च्या वर गेला तर मात्र थांबण्याचा विचार करतात. अडचण दुसरीकडेच निघाली. मागच्या तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारी रक्ततपासणी, जिला एच-बी-ए-वन-सी म्हणतात, तिचा आकडा ९.४ आला. पुष्कळ ठिकाणी घाईच्या नसलेल्या शस्त्रक्रियेसाठी तो साडेआठच्या खाली असावा असे धरतात. साखर चढी असली की जखम सावकाश भरते व पू धरण्याचा संभव वाढतो. जाळी बसवलेल्या जागी पू झाला तर कधीकधी जाळीच काढावी लागते. अंतर्गळ आत जात होता, दुखत नव्हता. म्हणून तीन महिने थांबायचे ठरले. हा आकडा आठवड्याभरात उतरत नाही, त्यामुळे आठ दिवस कडक पथ्य करून पुन्हा तपासण्यात काही हशील नव्हते.

यानंतर फिजिशियननी दोन साध्या गोष्टी केल्या. त्यांना यंत्र लागत नाही, पण त्या पुष्कळदा राहून जातात.

पहिली, रक्तदाब निजवून मोजला आणि मग उभे करून तीन मिनिटांत पुन्हा मोजला. निजल्यावर वरचा आकडा १६० होता, उभे राहिल्यावर १२८. वीसपेक्षा अधिक घसरण ही खूण आहे. काकांना पहाटे खाटेवरून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येई, पण ते त्यांनी कुणाला सांगितले नव्हते. जुन्या मधुमेहाने हृदय व रक्तवाहिन्यांना सावरणाऱ्या नसा बोथट होतात. पाठीत सुई देऊन कमरेखाली बधिर केले की पायांच्या रक्तवाहिन्या सैल पडतात आणि रक्तदाब उतरतो. निरोगी माणसाचे शरीर ते बऱ्याच अंशी सावरते. अशा नसांच्या माणसाला ते कठीण जाते. हे आधी कळले तर भूलतज्ज्ञ औषध बेताने देतात आणि रक्तदाब चढवणारे औषध भरून हाताशी ठेवतात. याच नसा जठरही चालवतात. जेवण तासन्तास पोटात पडून राहते काय, थोडे खाऊनही पोट गच्च होते काय, हेही त्यांनी विचारून घेतले. उपाशी ठेवूनही अशा पोटात अन्न उरू शकते व भुलीत ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो.

दुसरी गोष्ट ऐकून काकू हसल्या. डॉक्टर म्हणाले, ‘काका, मिस्साला जोडता तसे हात जोडा.’ तळवे जुळले, पण बोटांच्या मधल्या सांध्यांत फट राहिली. वर्षानुवर्षांच्या साखरेने सांधे ताठरतात, आणि बोटांत जो ताठरपणा दिसतो तो मानेत व जबड्यातही असू शकतो. मग पूर्ण भूल द्यायची वेळ आली तर श्वासनलिकेत नळी घालणे अवघड जाते. वैद्यकात या खुणेला प्रार्थनेचीच खूण म्हणतात.

छातीत कधी दुखले नाही, असे काका ठासून सांगत होते. मधुमेह्यांच्या बाबतीत त्यावर विसंबत नाहीत. त्यांच्यात हृदयाचा झटकाही वेदनेविना येऊ शकतो. म्हणून हृदयाचा आलेख काढला आणि विचारले की खताची पाटी घेऊन बांध चढताना मध्ये थांबावे लागते काय. थांबावे लागत नव्हते, आणि आलेखही ठीक होता.

तीन महिन्यांनी आकडा ८.१ वर आला. मग फिजिशियननी उत्तर लिहिले, आणि त्यातला मोठा भाग गोळ्यांचा होता. काकांच्या गोळ्यांत डापाग्लिफ्लोझिन होती. ती साखर लघवीवाटे बाहेर टाकते. ती शस्त्रक्रियेपूर्वी निदान तीन दिवस बंद ठेवायची असते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० साली तशी सूचना औषधाच्या माहितीत घातली. ही गोळी घेतलेला माणूस उपाशी राहिला की शरीर चरबी जाळू लागते व रक्तात आम्ल साठते, पण साखर मात्र दीड-दोनशेच दिसते, म्हणून कुणाला संशय येत नाही. मळमळ, पोटदुखी आणि खोल भरभर श्वास दिसला तर साखर ठीक असली तरी रक्तातील कीटोन तपासावे लागतात. काकांच्या मागच्या चिठ्ठीत ही गोळी लिहिलेलीच नव्हती. काकूंनी पाकिटे पदरात बांधून आणली म्हणून ती सापडली.

मेटफॉर्मिन व ग्लिमेपिराइड त्या सकाळी नाही, कारण उपाशीपोटी दुसरी साखर धोक्याइतकी खाली आणते. रक्तदाबाची गोळी दोन औषधांची मिळून एक होती. त्यांपैकी टेल्मिसार्टन चोवीस तास आधी बंद, कारण भुलीत ती रक्तदाब फार पाडू शकते. अम्लोडिपिन मात्र सकाळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायची. म्हणून एकत्र गोळीऐवजी अम्लोडिपिन वेगळी लिहून दिली. ‘उपास म्हणजे सगळ्या गोळ्या बंद’ असे समजून लोक रक्तदाबाची औषधे परस्पर सोडतात, तेव्हा रक्तदाब उसळून टेबलावरून परत यावे लागते. शेवटी लिहिले होते : यादीत पहिला नंबर द्यावा, दर तासाला साखर पाहावी, ती १४० ते १८० मध्ये ठेवावी.

अंतर्गळ अडकून काळानिळा पडला, उलट्या सुरू झाल्या, तर यातले तीन महिन्यांचे थांबणे लागू नाही. तेव्हा साखर इन्सुलिनने उतरवता उतरवता काही तासांत शस्त्रक्रिया करतात.

काकांची शस्त्रक्रिया सकाळी साडेआठला झाली. मध्ये एकदा रक्तदाब ८८ वर आला; औषध भरलेलेच होते. आता मोतिबिंदूसाठी जायचे आहे, आणि काकांनी ती जुनी चिठ्ठी उताऱ्याच्या पिशवीतून काढून ठेवली आहे. गोळ्या मध्यंतरी बदलल्या आहेत. चिठ्ठी नवीन लागेल, हे आम्ही त्यांना सांगितले आहे.