कागदातली चीर कधी पळत सुटते?

वहीचं एक पान दोन बाजूंनी घट्ट धरा आणि सरळ ओढा. फाटत नाही ना? आता त्याच्या कडेला कात्रीनं बोटाच्या पेराएवढी चीर द्या आणि पुन्हा ओढा. टर्र! पान तेच आणि हातही तेच, मग एवढ्याशा चिरेनं असं काय केलं?

हा प्रश्न चंद्रपूर जिल्ह्यातल्या बल्लारपूरला फार महत्त्वाचा. तिथल्या कागद गिरणीची कंपनी 1945 साली स्थापन झाली. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातला बांबू शिजवून, त्याचा लगदा करून तिथे कागद बनत आला. असा कागद यंत्रातून मोठमोठ्या रुळांवर ताणत, अखंड पट्ट्यासारखा धावत जातो. त्यात कुठे भोक किंवा चीर असेल, तर पट्टा मध्येच तुटू शकतो. मग यंत्र थांबवा, चिंध्या काढा आणि कागद पुन्हा रुळांवर चढवा.

पण प्रत्येक चिरेनं पट्टा तुटत नाही. हे कोडं ग्रिफिथ नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं 1920 च्या सुमारास काचेवर सोडवलं. ताणलेल्या कागदात ऊर्जा साठलेली असते. चीर वाढली की तिच्या आजूबाजूचा कागद सैल पडतो आणि थोडी ऊर्जा मोकळी होते. ही चिरेची कमाई. पण पुढचे धागे तोडायला ऊर्जा लागते. हा तिचा खर्च. चीर दुप्पट झाली तर एकूण खर्च दुप्पट होतो, कमाई मात्र चौपट! त्यामुळे लहान चिरेला पुढे सरकणं परवडत नाही. ठरावीक लांबी गाठली, की पुढच्या प्रत्येक पावलाची कमाई खर्चाहून जास्त होते आणि चीर आपली आपण पळत सुटते. त्या लांबीला क्रांतिक लांबी म्हणतात.

ती काढायचं सूत्र असं:

a = (K/σ)² ÷ π

इथे σ म्हणजे ताण. K म्हणजे चीर अडवण्याचा चिवटपणा. त्याच्या एककात चक्क मीटरचं वर्गमूळ येतं, पण घाबरू नका. a ही मधोमध असलेल्या चिरेची अर्धी लांबी.

आता हिशोब करू. समजा, कागद 0.1 मिलिमीटर जाड आहे आणि त्याच्या दर मीटर रुंदीला 400 न्यूटन, म्हणजे साधारण 40 किलो वजन टांगल्याइतका ओढा आहे. म्हणजे ताण झाला 4 मेगापास्कल. कोरड्या कागदाचा K आपण 4 धरू. K/σ आला 1, आणि a आली सुमारे 32 सेंटिमीटर. म्हणजे अख्खी चीर 64 सेंटिमीटर! एवढं भगदाड घेऊनही कागद तग धरेल. मलाही हे आधी खोटंच वाटलं होतं. पण रूळ थोडा वाकडा असला, झटका बसला आणि ताण दुप्पट झाला, तर ही लांबी निम्मी नाही, चौथाई होते: 16 सेंटिमीटर. मघाशी निरुपद्रवी असलेली चीर एका झटक्यात घातक ठरते ती अशी.

कडेची चीर तर आणखी वाईट. मधल्या चिरेला दोन टोकं असतात, कडेच्या चिरेला एकच. तरी दुप्पट ताणाला ती साडेसहा सेंटिमीटरची झाली की पुरे! ओल्या कागदाचं तर विचारूच नका. यंत्राच्या सुरुवातीच्या भागात कागदात अर्ध्याहून जास्त पाणी असतं, धागे एकमेकांना नीट चिकटलेले नसतात आणि K अगदीच कमी असतो.

सूत्राला मर्यादाही आहेत. कागद चिरेच्या मानानं बराच रुंद हवा. चीर दुसऱ्या कडेजवळ पोचली की हिशोब चुकतो. शिवाय a फक्त एक मिलिमीटर घेतली, तर सूत्र म्हणतं की कागद 71 मेगापास्कलला तुटेल. पण साधा कागद त्याच्या कितीतरी आधी, 40 च्या आसपास, चीर नसतानाही तुटतो. म्हणून फार बारीक चिरेला हे सूत्र लागूच पडत नाही.

आता K येतो कुठून? एक कागद हातानं फाडा आणि दुसरा कात्रीनं कापा. दोन्ही कडा उजेडात धरून भिंगातून पाहा. कापलेली कड गुळगुळीत दिसेल, फाडलेल्या कडेवर मात्र बारीक लव असेल. ती लव म्हणजे तुटण्याऐवजी शेजाऱ्यांमधून उपसून निघालेले धागे. धागा जितका लांब, तितकं त्याला उपसणं महाग. बांबूचा धागा साधारण दोन-तीन मिलिमीटर लांब असतो, निलगिरीचा एक मिलिमीटरच्या आसपास. तेव्हा चिरेचा खर्च वाढवायला कोणता लगदा बरा, ते तुम्हीच सांगा!