ट्यूब टायरची, फ्लॅप रिमचा : जुन्या ट्रकच्या चाकातील तीन मापे

गोंदिया जिल्ह्यात धानाची कापणी संपली की शेतातून गावातल्या केंद्रावर आणि तेथून राईस मिलपर्यंत पोती वाहून नेण्याचे काम सुरू होते, आणि या कामात महामार्गावरच्या नव्या बहुचाकी गाड्यांच्या बरोबरीने जुने दोन-अॅक्सल ट्रक, टाटा ४०७ जातीची छोटी मालवाहने आणि क्वचित एखादी जुनी जीपही दिसते. कोहमारा, देवरी या बाजूने जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ५३ वर नव्या गाड्यांना ट्यूबलेस टायर सर्रास असले, तरी जुन्या गाड्यांचे चाक अजून टायर, ट्यूब, फ्लॅप आणि रिम अशा चार घटकांचेच आहे. यांतील टायर घेताना मालक चौकशी करतो, रबर चढवतानाही करतो. ट्यूब मात्र दुकानात शिल्लक असेल ती, आणि फ्लॅप बहुधा जुनाच, अशी निवड होते. वास्तविक या दोन वस्तूंच्या निवडीसाठी तीन वेगळी मापे पाहावी लागतात : ट्यूबचे माप टायरवरून ठरते, फ्लॅपचे टायर आणि रिम या दोहोंवरून, आणि व्हॉल्व्हचे, म्हणजे हवा भरण्याच्या नळीचे, छोट्या गाड्यांत रिमच्या भोकावरून आणि ट्रकमध्ये टायरच्या मापावरून.

टायरच्या बाजूवर ९.००-२० असे लिहिलेले असते, त्यातील पहिला आकडा टायरच्या रुंदीचे इंचांतील नाममात्र माप सांगतो आणि दुसरा, ज्या रिमवर तो बसतो तिचा व्यास. मधली आडवी रेघ ही त्या टायरमधील धाग्यांचे थर एकमेकांना तिरपे छेदत गेले आहेत याची खूण आहे. अशा टायरला बायस किंवा बाजारात नायलॉन टायर म्हणतात. त्या रेघेच्या जागी इंग्रजी आर हे अक्षर असेल तर टायर रेडियल, म्हणजे धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ गेलेला. नाममात्र म्हणण्याचे कारण असे की हवा भरलेल्या ९.००-२० टायरची प्रत्यक्ष रुंदी नऊ इंचांपेक्षा बरीच अधिक, साधारण २६० मिलिमीटर भरते, आणि १०.००-२० ची साधारण २८० मिलिमीटर; त्यामुळे चाकावर टेप लावून ट्यूबचे माप काढू नये, टायरवरचा आकडा वाचावा आणि ट्यूबवर तोच आकडा छापलेला आहे का ते पाहावे. काही ट्यूबांवर दोन लगतची मापे छापलेली असतात आणि त्या दोन्हींना त्या चालतात, परंतु छापलेले नसताना शेजारचे माप चालेल असे गृहीत धरणे हीच नेहमीची चूक होय.

ही चूक नेमकी कशी घडते, हे एका नेहमीच्या उदाहरणावरून पाहता येईल. धान वाहणाऱ्या एका जुन्या ट्रकला ९.००-२० चे नायलॉन टायर आहेत, मागच्या जोडचाकातील आतल्या टायरची ट्यूब फाटली आहे, आणि दुकानात १०.००-२० ची दुसऱ्या ट्रकमधून निघालेली, एकही पॅच नसलेली ट्यूब उपलब्ध आहे. ट्यूब रबराची, रिमचा व्यास दोन्हींचा २० इंच, तेव्हा ती आत बसते, हवाही धरते आणि गाडी रस्त्याला लागते. पण नवी ट्यूब कारखान्यातून टायरच्या आतील पोकळीपेक्षा मुद्दाम थोडी लहान येते, म्हणजे हवा भरताच ती सर्व बाजूंनी सारखी ताणून पोकळीला चिकटावी. वापरलेली ट्यूब मात्र आपल्या जुन्या टायरच्या पोकळीएवढी कायमची वाढलेली असते. दोन टायरांच्या रुंदीतील सुमारे २० मिलिमीटरचा फरक ट्यूबच्या गोलाईवर मोजला तर तो अंदाजे ६० मिलिमीटर होतो, म्हणजे जवळजवळ तीन बोटे रबर जास्तीचे. चाकाच्या परिघावर, टायरच्या बाहेरच्या व्यासातील सुमारे ३४ मिलिमीटरच्या फरकामुळे, आणखी सुमारे १० सेंटीमीटर रबर जास्तीचे उरते. या जादा रबराला आत जागा नसल्याने त्याची घडी पडते. चाक फिरताना प्रत्येक फेऱ्यात भाराखाली टायर चेपतो आणि सुटतो, घडीच्या दोन पाती एकमेकींवर घासतात, तेथे उष्णता साठते आणि काही काळाने घडीच्या टोकावरून ट्यूब सरळ रेषेत फाटते. अशी ट्यूब काढून पाहिली तर खिळा किंवा काटा लागल्याची खूण कोठेच सापडत नाही. एका कापासारख्या रेषेच्या दोन्ही बाजूंना गुळगुळीत, चकाकते पट्टे मात्र दिसतात, आणि ते घडीचेच ठसे असतात.

लहान ट्यूब मोठ्या टायरमध्ये घातली तर उलट घडते. ८.२५-२० ची ट्यूब ९.००-२० मध्ये बसवताना सोपी वाटते, कारण घडी पडण्याचा प्रश्नच नसतो. पण हवा भरल्यावर ती प्रमाणाबाहेर ताणून पातळ होते, व्हॉल्व्हच्या बुडाशी आणि जोडाशी, म्हणजे जेथे रबर जाड असल्याने ताणत नाही तेथे, शेजारचा भाग अधिकच पातळ होतो, आणि एरवी टायरमध्येच अडकून राहिला असता असा बारीक तुकडाही ट्यूब भेदतो. पातळ झालेली ट्यूब पॅच लावून बरीही होत नाही, कारण पॅच ताणत नाही आणि त्याच्या कडेला पुन्हा भेग पडते. वापरलेली ट्यूब नव्या किंवा नव्याने रबर चढवलेल्या टायरमध्ये घालू नये, हा टायर कंपन्यांचा नियम म्हणूनच केवळ विक्रीसाठी केलेला नाही. टायर नवा तर ट्यूब नवी, फ्लॅपही नवा, हा खर्च वाचवताना बहुधा टायरच जातो.

फ्लॅप म्हणजे ट्यूब आणि रिम यांच्या मध्ये बसणारा जाड रबरी पट्टा, मध्यभागी व्हॉल्व्हसाठी भोक असलेला आणि दोन्ही कडांकडे पातळ होत जाणारा. ट्रकची रिम सपाट तळाची असून तिची एक कड वेगळी निघते आणि लॉक रिंगने अडवलेली असते. टायरच्या दोन बीड, म्हणजे रिमवर बसणाऱ्या तारेच्या कडा, यांच्यामध्ये त्यामुळे धातूचा उघडा पट्टा आणि जोडाच्या फटी राहतात. फ्लॅप या फटी झाकतो, गंज व ब्रेक ड्रमची उष्णता ट्यूबपर्यंत थेट पोहोचू देत नाही, आणि त्याच्या पातळ कडा बीडच्या आतल्या बाजूवर टेकून ट्यूबला सलग गादी मिळते. येथेच रिमचे माप महत्त्वाचे ठरते. ९.००-२० ला साधारणतः ७.० इंच रुंदीची आणि १०.००-२० ला ७.५ इंच रुंदीची रिम असते, आणि हे आकडे रिमवर ठोकलेले असतात, गंज घासून काढल्यावर ते बहुधा वाचता येतात. काही फ्लॅपवर टायरचे माप छापलेले असते तर काहींवर रिमचा व्यास आणि रुंदी. दोन्ही पद्धती बाजारात असल्याने पाकिटावरचा आकडा कोणत्या मापाचा आहे हे दुकानदाराला विचारूनच घ्यावे.

अरुंद फ्लॅप आत गेला तर त्याची कड बीडपर्यंत पोहोचत नाही, आणि हवेच्या दाबाने ट्यूब फ्लॅप व बीड यांच्यातील फटीत घुसून चिमटते. अशा ट्यूबवर परिघाला समांतर जाणारी एक किंवा दोन पिळलेल्या रेघा दिसतात. फ्लॅप रुंद असेल तर त्याची कड टायरच्या बाजूवर चढून दुमडते आणि ती दुमड ट्यूबमध्ये रुतते. माप बरोबर असूनही जुना फ्लॅप हाच दोष करतो, कारण उन्हाळ्यात आणि ब्रेकच्या उष्णतेत तो कडक होतो, कडा लाटेसारख्या वर-खाली होतात, भोकाभोवती भेगा पडतात. तपासण्याची रीत सोपी आहे : फ्लॅप सपाट फरशीवर ठेवून कड अंगठ्याने वाकवावी, रबर भेगाळले किंवा कड सरळ बसली नाही, तर तो टाकून द्यावा.

छोट्या मालवाहनांत आणि जीपमध्ये गणित बदलते. टाटा ४०७ ला ७.५०-१६ चा टायर आणि एका बाजूची कड निघणारी अर्ध-खोलगट रिम असल्यास फ्लॅप लागतो. जुन्या महिंद्रा जीपला मात्र ६.००-१६ चा टायर एकाच तुकड्याच्या, मध्ये खोलगट रिमवर बसतो, टायर टॉमीने त्या खोलगट भागात उतरवून चढवला जातो आणि तेथे फ्लॅप सहसा नसतो. ट्रकचा फ्लॅप कापून जीपच्या रिममध्ये घालण्याचा उद्योग काही ठिकाणी होतो, पण कापलेली कड पातळ नसल्याने ती ट्यूबच कापते. रिम गंजलेली असेल तर घासून, रंगवून घेणे हाच उपाय. युद्धकाळातील विलीज जीपची दोन अर्ध्यांची, नटबोल्टने जोडलेली रिम हा याला अपवाद असून तिला जोडावर संरक्षक पट्टा आवश्यक असतो. जीपला रुंद रेडियल टायर घातले असतील तर ट्यूबही रेडियलसाठी असल्याचे छापलेली घ्यावी, कारण रेडियलची बाजू बायसपेक्षा बरीच अधिक लवते आणि साध्या ट्यूबचा जोड ते सोसत नाही. शिवाय मूळचा ट्यूबलेस टायर असेल तर त्याच्या आतील कंगोरे, स्टिकर ट्यूबला घासतात, म्हणून ते आधी काढून टाकावेत.

व्हॉल्व्हकडे सर्वांत कमी लक्ष जाते. जीपसारख्या रिमचे भोक ११.५ किंवा १५.७ मिलिमीटरचे असते आणि त्यांच्यासाठी अनुक्रमे टीआर १३ व टीआर १५ असे रबरी व्हॉल्व्ह येतात. मोठ्या भोकात बारीक व्हॉल्व्ह घातला तर तो प्रत्येक फेऱ्यात हलतो आणि बुडाशी फाटतो. ट्रकच्या ट्यूबला धातूचा, वाकवलेला व्हॉल्व्ह असतो आणि टायर मोठा होत जाईल तसा तो बदलतो : ८.२५-२० साठी टीआर ७७ए, १०.००-२० साठी टीआर ७८ए. जोडचाकात आतल्या चाकाचा व्हॉल्व्ह बाहेरच्या चाकाच्या खिडकीतून हाताला लागला पाहिजे, अन्यथा त्यातील हवा तपासली जात नाही, आणि हवा कमी राहिलेल्या आतल्या टायरच्या पोकळीत काळ्या रबराची पूड साठलेली पुढच्या वेळी सापडते.

योग्य माप मिळाल्यावरही बसवताना एक पायरी गाळली जाते. टायरच्या आतून हात फिरवून खिळे, तारा काढल्यावर आणि शंखजिऱ्याची पूड पातळ लावल्यावर ट्यूब आत घालून तिच्यात आकार येण्यापुरती हवा भरावी, फ्लॅप बसवून व्हॉल्व्ह भोकातून सरळ काढावा, रिमवर चढवून पूर्ण हवा भरावी, आणि मग व्हॉल्व्हची पिन काढून सगळी हवा सोडून पुन्हा भरावी. पहिल्या भरणात जेथे ट्यूब अडकून ताणली गेली असेल ती दुसऱ्या वेळी सुटून सारखी पसरते. लॉक रिंगच्या रिमवर हवा भरताना चाक लोखंडी पिंजऱ्यात किंवा भक्कम साखळीत ठेवावे आणि समोर कोणी उभे राहू नये, कारण रिंग नीट न बसल्यास ती मोठ्या वेगाने उडते. याच कारणाने भरलेल्या चाकावर हातोडा मारू नये, रिंग बसली नाही तर आधी हवा सोडावी. दुसऱ्या दिवशी सकाळी, टायर थंड असताना दाब पुन्हा मोजावा, आणि तो उतरला असेल तर गाडीवर पोती चढवण्यापूर्वी चाक उघडून फ्लॅपची कड पाहावी.