तिसरी गाडी कुठे लावायची?

एक किलोमीटरची सरळ चौपाटी. गिऱ्हाईक सगळीकडे सारखंच पसरलेलं, शहाळ्याचा भाव सर्वांचा एकच, त्यामुळे जो तो जवळच्या गाडीवर जातो. गाड्या दोनच असतील तर दोघेही मध्यावर, ५०० मीटरला, शेजारी शेजारी येऊन ठाकतात आणि तिथून हलण्यात कुणाचाच फायदा नसतो. अशा मांडणीची सुरुवात हॅरॉल्ड हॉटेलिंग या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाच्या १९२९च्या लेखातून झाली.

आता तिसरी गाडी आणा. समजा, तिघे ३००, ५०० आणि ७०० मीटरला आहेत. कडेच्या दोघांना चारचारशे मीटरचं गिऱ्हाईक मिळतं, मधल्याला दोनशेचं. डावीकडचा ४९०वर सरकला की त्याच्याकडे ४९५ मीटर येतात. उजवीकडचा ५१०वर येतो, त्यालाही तेवढेच. मधल्याच्या वाट्याला उरतात जेमतेम दहा मीटर! तो कशाला गप्प बसेल? गाडी ढकलत तो ४८०वर जातो आणि ४८५ मीटर खिशात घालतो. आता कात्रीत सापडतो तो ४९०वाला. मग तोही बाहेर उडी मारतो.

ही पळापळ बाहेर बाहेर सरकत जाते. कडेचे २५० आणि ७५०वर पोचले की मात्र मधल्याची उडी थांबते, कारण मध्येच राहून २५० मीटर मिळतात आणि बाहेर जाऊन त्याहून थोडे कमीच. पण मधला शांत झाला, की कडेच्यांना पुन्हा आत सरकण्याचा मोह होतो. चक्र पहिल्यापासून सुरू.

दुसरी एखादी मांडणी टिकेल का? तिघे वेगवेगळ्या जागी असतील तर कडेचा आत सरकून कमावतो. दोघे एकत्र आणि एक वेगळा असेल तर तो एकटा जोडीकडे सरकतो. तिघेही एकाच जागी असतील तर प्रत्येकाला तिसरा हिस्सा मिळतो, पण मोठ्या बाजूला एक पाऊल टाकणाऱ्याला जवळजवळ निम्मी चौपाटी मिळते. याखेरीज चौथी शक्यताच नाही. म्हणून ठरावीक जागा निवडण्याचा, म्हणजे अर्थशास्त्राच्या भाषेत ‘शुद्ध डावपेचां’चा, समतोल इथे नाही.

समतोल सापडतो तो जागा चिठ्ठी टाकून ठरवली तर. अवनेर शाकेद यांनी १९८२ मध्ये दाखवलं, की तिघांनीही २५० ते ७५० या पट्ट्यातली कुठलीही जागा सारख्याच शक्यतेने निवडली, तर वेगळं वागून कुणालाच सरासरी जास्त मिळत नाही. रोज सकाळी चिठ्ठी टाकणारा गाडीवाला मात्र भेटणं कठीण.

गंमत म्हणजे चौथी गाडी आली की भांडण मिटतं: दोन गाड्या २५०वर, दोन ७५०वर, आणि प्रत्येकीला २५० मीटर. पाच गाड्यांचंही जमतं. अडतं ते फक्त तिघांचं.