पंचांग उघडताना : भाग ७
प्रश्न कधी विचारावा?

अकोल्यात कुणाला खतांचं दुकान काढायचं असलं, की घरातलं वडीलधारं माणूस म्हणतं, ‘अवस सरू दे, मग गुरुजींकडं जा.’ चढत्या चंद्रात विचारलेला धंदा वाढतो, अशी समजूत. शुक्ल पक्षातही चतुर्थी, नवमी आणि चतुर्दशी या रिक्ता तिथी टाळतात. अक्षय तृतीयेला मात्र पंचांग बघायची गरज नाही, असं सगळेच धरून चालतात.

गेल्या वर्षीची, म्हणजे ३० एप्रिल २०२५ ची अक्षय तृतीया घ्या. वार बुधवार. कॅलेंडरच्या चौकटीत दिवसभर तृतीयाच छापलेली, कारण सूर्योदयाला असलेली तिथी त्या दिवसाला मिळते. प्रत्यक्षात तृतीया दुपारी सव्वादोनच्या सुमारास संपली आणि चतुर्थी लागली. जेवण उरकून तीन वाजता गुरुजींकडे गेलेला माणूस नेमका रिक्ता तिथीवर बसला. म्हणून चौकटीखालची बारीक अक्षरातली समाप्तीची वेळ आधी वाचावी.

मला याहून मोठी वाटणारी अडचण पुढेच आहे. गुरुजी जन्मकुंडली पाहणार असतील, तर ती जन्मवेळेची असते. आज गेलात काय, पौर्णिमेला गेलात काय, मूळ कुंडली तीच. प्रश्नकुंडली मात्र विचारल्या क्षणाची मांडतात. दिवस एकाने पुढे ढकलला, तर चंद्र साधारण तेरा अंश सरकतो, आणि त्याच घड्याळी वेळेचं लग्न जेमतेम एक अंश. उलट त्याच दिवशी दोन तास थांबलात, तर लग्नराशीच बदलते.

त्या बुधवारी चंद्र आणि गुरू दोघेही वृषभेत होते. सकाळी आठला प्रश्न मांडला असता, तर लग्न वृषभ. उच्चीचा चंद्र आणि गुरू थेट लग्नात. दुकानासाठी याहून गोड कुंडली कोणती? त्याच माणसाने तोच प्रश्न दहाला मांडला असता, तर लग्न मिथुन. तेच दोन ग्रह बाराव्या, म्हणजे व्ययस्थानात. दुकान तेच, गाळा तोच, भांडवल तेच.

म्हणूनच जुने जाणकार सांगतात, की प्रश्न मनात तीव्रतेने उठेल तेव्हाच विचारावा. वेळ निवडली की उत्तरही निवडून झालं. दिवस पाहायचाच असेल, तर तो दुकानाचं शटर उघडण्यासाठी पाहावा. ते मुहूर्ताचं काम, प्रश्नाचं नव्हे.

जन्मकुंडलीच्या भाकितांची एक चाचणी महाराष्ट्रात २००८ मध्ये झाली. जयंत नारळीकर आणि नरेंद्र दाभोलकर तिच्यात होते. सत्तावीस ज्योतिषांनी प्रत्येकी चाळीस कुंडल्या तपासल्या. बरोबर उत्तरं सरासरी ४६ टक्के आली, नाणं उडवून येतील जवळपास तितकीच. ती चाचणी प्रश्नकुंडलीची नव्हती. पण आठ आणि दहा वाजताच्या त्या दोन कुंडल्या शेजारी ठेवल्यावर, खताच्या दुकानासाठी कर्ज काढावं की नाही हे मी त्यांतल्या एकीवरही सोपवणार नाही. खरीप तोंडावर आलेला असताना अवस सरण्याची वाट बघत माल भरायला उशीर करणं तर मला सरळ नुकसानीचंच वाटतं.