शेवटची ड्यूटी, शेवटचा हिशेब

आईला सांभाळायला ब्यूरोतून मावशी आणताना आपण दहा प्रश्न विचारतो. सेवा बंद करताना मात्र एक फोन करून मोकळे होतो, ‘उद्यापासून नको.’ मग डिपॉझिट अडकतं, मावशींची उचल नेमकी कुणाच्या खात्यात धरायची यावर वाद होतो आणि इतके महिने आईची शी-शू काढणारी बाई घाईघाईत पिशवी भरून निघून जाते. हे टाळायचं तर एक गोष्ट आधी ओळखावी लागते. एजन्सीचं देणं वेगळं असतं आणि मावशींचं वेगळं. एकाच्या पाकिटात दुसऱ्याचे पैसे घातले की घोटाळा सुरू होतो.

आपल्याकडे ब्यूरोचे व्यवहार साधारण दोन तऱ्हांनी चालतात. पहिल्या तऱ्हेत आपण सगळी रक्कम एजन्सीला देतो आणि ती स्वतःचा हिस्सा ठेवून मावशींना पगार देते. दुसऱ्या तऱ्हेत पगार आपण मावशींच्या हातात देतो आणि एजन्सीला फक्त कमिशन. आपला व्यवहार यातला कोणता, हे नोंदणीच्या वेळी सही केलेल्या कागदावर असतं. सेवा बंद करायचं ठरलं की पहिल्यांदा तो कागद काढावा. किती दिवस आधी कळवायचं, डिपॉझिट किती दिवसांत परत मिळणार आणि मावशींना परस्पर कामावर ठेवलं तर काय, ही तीन कलमं त्यात शोधावीत.

एक उदाहरण मांडून पाहू. पुण्यातल्या एका घरी आईच्या खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि चोवीस तासांच्या मावशी आल्या. दर दिवसाला ९०० रुपये. डिपॉझिट १०,००० रुपये दिलेलं. दर महिन्याच्या एक तारखेला ३० दिवसांचे २७,००० रुपये एजन्सीकडे आगाऊ भरायचे. एप्रिलपर्यंत आई वॉकर धरून बाथरूमपर्यंत जाऊ लागली आणि सेवा थांबवायचं ठरलं. करारात सात दिवसांची पूर्वसूचना होती. ११ एप्रिलला घरच्यांनी एजन्सीला व्हॉट्सअॅपवर लिहिलं: ‘आईची चोवीस तासांची सेवा १९ एप्रिल, सकाळी ८ वाजता संपवत आहोत. कृपया त्या तारखेपर्यंतचा हिशेब आणि डिपॉझिट परतीची तारीख लेखी कळवावी.’ फोन केला तरी असा मेसेज हवाच, कारण पुढे वाद झालाच तर तारीख तोच सांगतो.

मेसेजमधली ‘सकाळी ८’ ही वेळ महत्त्वाची आहे. चोवीस तासांची ड्यूटी सकाळी आठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी आठ अशी धरली, तर १ एप्रिलच्या सकाळपासून १९ एप्रिलच्या सकाळपर्यंत १८ ड्यूट्या भरतात. कॅलेंडरवर बोट ठेवून मोजलं की १९ येतात आणि बिलात एक दिवस जादा लागतो. या घरी मावशी गावच्या जत्रेला दोन दिवस गेल्या होत्या आणि एजन्सीने बदली बाई पाठवली नव्हती. म्हणून प्रत्यक्ष ड्यूट्या १६, म्हणजे १४,४०० रुपये. भरलेल्या २७,००० मधून १२,६०० परत, अधिक डिपॉझिटचे १०,०००, एकूण २२,६०० रुपये येणं. काही करारांत महिन्याच्या ठरावीक सुट्ट्या पगारी असतात. तसं असेल तर ते दोन दिवस कापता येणार नाहीत. फ्रिजवरच्या कॅलेंडरवर हजेरीची खूण आणि शेजारी मावशींची सही असेल, तर हा सगळा हिशेब पाच मिनिटांत होतो.

खरी अडचण येते ती उचलीची. या मावशींनी मुलाच्या फीसाठी घरच्यांकडून ३,००० रुपये घेतले होते, ‘पगारातून कापा’ असं सांगून. पण पगार तर एजन्सी देते आणि तिला या उचलीचा पत्ताच नसतो. शेवटच्या दिवशी घरचे ही रक्कम एजन्सीकडे मागतात, एजन्सी म्हणते आम्ही पगार चुकता केला आणि मावशी मध्येच सापडतात. म्हणून उचल देतानाच एजन्सीला कळवावं. ते राहिलं असेल, तर तिघांच्या एकाच फोनवर ठरवावं: एजन्सीने पगारातून कापून आपल्याला द्यायचे, की आपण सोडून द्यायचे. सोडायचे असतील तर मावशींना तसं स्पष्ट सांगावं, म्हणजे त्यांच्या मनावर कर्जाचं ओझं राहत नाही.

एजन्सी डिपॉझिट देत नसेल, अवाच्या सवा दंड लावत असेल किंवा पावतीच नाकारत असेल, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आपल्या बाजूने आहे. अवाजवी डिपॉझिट आणि नुकसानीच्या मानाने भलताच मोठा दंड ही या कायद्यात अनुचित कराराची लक्षणं मानली आहेत. सेवेची पावती न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. मात्र मावशींना परस्पर ठेवणार नाही असं आपण लिहून दिलं असेल, तर तो शब्द पाळावा. त्यांनाच पुढे ठेवायचं असेल तर एजन्सीशी बोलून तिचं शुल्क ठरवावं.

पूर्वसूचनेचे दिवस आईसाठीही वापरायचे असतात. मावशी घरात असतानाच दोन-तीन रात्री घरच्यांनी आईजवळ झोपावं आणि मावशींनी दुसऱ्या खोलीत. रात्री आई हाक न मारताच उठते का, गोळ्या वेळेवर जातात का, माकडहाडाजवळची त्वचा दाबून सोडल्यावरही लालच राहते का, हे तेव्हाच कळतं. लाली जात नसेल तर कूस बदलण्यात खंड पडतोय आणि बेडसोरची सुरुवात होतेय असं समजून डॉक्टरांना दाखवावं. मावशींकडून एक वहीही भरून घ्यावी. कोणती गोळी कशासोबत दिली की आई घेते आणि कुठल्या बाजूने उठवलं की दुखत नाही, हे डॉक्टरांच्या कागदावर सापडत नाही.

मावशींना बातमी एजन्सीकडून कळू देऊ नये. मेसेज पाठवायचा त्याच दिवशी आपण समोर बसून सांगावं. चोवीस तासांच्या मावशींची नोकरी जाते तेव्हा डोक्यावरचं छप्परही जातं आणि पुढचं घर मिळेपर्यंत कुठे राहायचं हा त्यांच्यापुढचा पहिला प्रश्न असतो. जाताना त्यांची पिशवी उघडून पाहणं हा अपमान आहे. चावी, ग्लुकोमीटर, थर्मामीटर यांची यादी करून दोघांनी मिळून ताब्यात घेणं पुरतं.

आभाराचे पैसे बिलात घालू नयेत आणि एजन्सीमार्फतही देऊ नयेत. ते मावशींच्या हाती, आईकडून, वेगळ्या पाकिटात द्यावेत. सोबत साडी द्या, ओटी भरा. मावशी विधवा असल्या तरी ओटी त्यांचीही भरावी. पण जुने कपडे आणि उरलेला फराळ हे आभार नव्हेत. त्यांच्या पुढच्या कामाला सगळ्यात जास्त उपयोगी पडतो तो अनुभवाचा दाखला. बहुतेक मावशींकडे शिक्षणाचा कागद नसतो, म्हणून एजन्सी सांगेल त्या दरात काम घ्यावं लागतं. ‘फार प्रेमळ आहेत’ एवढंच लिहून भागत नाही. असं लिहावं: ‘खुब्याच्या ऑपरेशननंतरच्या ७८ वर्षांच्या रुग्णाची यांनी पाच महिने चोवीस तास सेवा केली. कूस बदलणं, स्पंजिंग, बेडपॅन, वॉकरने चालवणं आणि ग्लुकोमीटरवर साखर तपासणं ही कामं त्या स्वतंत्रपणे करतात. या काळात रुग्णाला बेडसोर झाला नाही.’ खाली तारीख, सही आणि विचारणा करायला आपला फोन नंबर.

एजन्सीकडून पैसे जमा झाले की ‘पूर्ण व अंतिम हिशेब मिळाला’ असं तिला लिहून कळवावं आणि त्याच मेसेजमध्ये मावशींच्या कामाबद्दल दोन ओळी लिहाव्यात. पुढच्या घरी कुणाला पाठवायचं आणि कुठल्या दराने, हे एजन्सीच ठरवते. आपलं चांगलं मत तिच्याकडे लेखी असलं, तर त्या दराची बोलणी करताना मावशींना त्याचा आधार मिळतो.