सातांपैकी चार

१९०६च्या मोसमात शिकागो कब्ज या बेसबॉल संघानं निकाली लागलेल्या १५२ सामन्यांपैकी ११६ जिंकले. त्याच शहरातला शिकागो व्हाइट सॉक्स हा दुसऱ्या लीगचा विजेता. त्याचे विजय ९३, पराभव ५८. या संघाची फलंदाजी इतकी कच्ची होती की, लोक त्याला ‘हिटलेस वंडर्स’ म्हणत. ऑक्टोबरात दोघांची वर्ल्ड सिरीज झाली. सात सामने, जो आधी चार जिंकेल तो विजेता. व्हाइट सॉक्सनी पहिला, तिसरा, पाचवा आणि सहावा सामना जिंकून मालिका ४-२ अशी खिशात घातली.

याला चमत्कार म्हणायचं की नाही, हे थोड्या गणितानं ठरवता येतं. त्यासाठी आधी एक साधा प्रश्न सोडवू. एक संघ दुसऱ्यापेक्षा सरस आहे आणि कोणताही एक सामना तो जिंकण्याची शक्यता ६० टक्के आहे. मग तीन, पाच किंवा सात सामन्यांच्या मालिकेत तो जिंकण्याची शक्यता किती?

तीन सामन्यांची मालिका हातानं मोजता येते. सरस संघ तीन वाटांनी जिंकू शकतो. पहिले दोन्ही सामने जिंकून, पहिला आणि तिसरा जिंकून, किंवा पहिला हरून पुढचे दोन जिंकून. पहिल्या वाटेची शक्यता ०.६ गुणिले ०.६, म्हणजे ०.३६. उरलेल्या दोन्ही वाटांत दोन विजय आणि एक पराभव असल्यामुळे प्रत्येकीची शक्यता ०.६ × ०.६ × ०.४, म्हणजे ०.१४४. तिन्हींची बेरीज ०.६४८. म्हणजे एका सामन्यात ६० टक्के असलेली शक्यता तीन सामन्यांत जेमतेम ६५ टक्क्यांवर आली.

सात सामन्यांत वाटा खूप होतात, शिवाय चार विजय झाले की मालिका तिथेच थांबते, त्यामुळे मोजणी किचकट होते. इथे एक युक्ती कामी येते. मालिका निकाली निघाली तरी उरलेले सामने खेळले गेले, असं मानायचं. निकाल त्यामुळे बदलत नाही, कारण सातही सामने झाल्यावर ज्याचे चार किंवा अधिक विजय असतील, तोच आधी चारावर पोचलेला असणार. पास्कल आणि फर्मा यांनी १६५४मध्ये अर्धवट थांबलेल्या खेळातली पैज कशी वाटायची यावर पत्रव्यवहार केला, तेव्हा फर्मानं हाच मार्ग घेतला होता.

आता फक्त सातांपैकी नेमके चार, पाच, सहा आणि सात विजय किती प्रकारे मिळू शकतात एवढं पाहायचं. ते आकडे आहेत ३५, २१, ७ आणि १. चार विजय व तीन पराभवांच्या कोणत्याही एका क्रमाची शक्यता म्हणजे ०.६ चारदा आणि ०.४ तीनदा घेऊन केलेला गुणाकार. त्याला ३५ने गुणलं की सुमारे २९ टक्के येतात. तसंच पाच विजयांचे २६, सहांचे १३ आणि सातांचे जवळपास ३ टक्के. बेरीज ७१. यालाच द्विपद संभाव्यता म्हणतात.

हा आकडा थोडा थांबून पाहण्यासारखा आहे. दहापैकी सहा सामने जिंकण्याइतका सरस संघसुद्धा सात सामन्यांच्या दहा मालिकांपैकी साधारण तीन गमावतो. फरक आणखी कमी असेल, म्हणजे ५५-४५ असेल, तर सात सामन्यांत सरस संघाची शक्यता फक्त ६१ टक्के. एकाच सामन्यात ती ५५ होती. सहा सामने वाढवून सहा टक्के पदरात पडले.

मग मालिका किती लांब हवी? ‘सहसा’ याचा अर्थ आपण दहापैकी नऊ वेळा असा धरू. सामन्यामागे शक्यता ६५ टक्के असेल, तर १७ सामन्यांची मालिका पुरते. ६० टक्के असेल तर सुमारे ४१ सामने लागतात. ५५ टक्क्यांना १६०हून थोडे जास्त. आणि ५२ टक्के असेल तर हजाराच्या वर. या आकड्यांमागे एक नियम आहे. पन्नास टक्क्यांपासूनचं अंतर निम्मं झालं की लागणारे सामने साधारण चौपट होतात. साठवरून पंचावन्नवर आलो तेव्हा अंतर दहाचं पाच झालं आणि ४१चे १६०हून अधिक झाले. कारण सामने वाढवले तरी नशिबाचा हिस्सा त्यांच्या वर्गमुळाच्या वेगानंच आटतो. म्हणून तीनाचे पाच, पाचाचे सात करून फारसा फरक पडत नाही.

आता १९०६कडे वळू. दोन संघांच्या विजय-पराजयांवरून त्यांची आपसातली शक्यता काढण्याची एक सोपी रीत आहे. प्रत्येकाच्या विजयांना पराभवांनी भागायचं. कब्जचं गुणोत्तर ११६ भागिले ३६, म्हणजे सुमारे ३.२. व्हाइट सॉक्सचं ९३ भागिले ५८, म्हणजे १.६. पहिलं दुसऱ्याच्या दुप्पट आहे, म्हणून दोघे भिडले तर कब्ज तीनपैकी दोन सामने जिंकतील असा अंदाज निघतो. दोन्ही लीग सारख्याच तोलाच्या होत्या, असं इथे गृहीत धरलं आहे. तीनपैकी दोन ही शक्यता सातांच्या हिशेबात घातली की कब्जच्या मालिकाविजयाची शक्यता जवळपास ८३ टक्के येते. म्हणजे व्हाइट सॉक्सची १७, फासा टाकून पहिल्याच फेकीत सहा पडण्याएवढी. अशा गोष्टी अधूनमधून घडतातच.

खरं तर कब्जचे ८३ टक्केही थोडे फुगलेले आहेत. दीडशे सामन्यांच्या मोसमातसुद्धा विजयांच्या टक्केवारीत नशिबामुळे दोन्ही बाजूंना चार टक्क्यांची चूक सहज असते. जो संघ ११६ सामने जिंकतो, त्याच्या वाट्याला त्या वर्षी नशीबही थोडं जास्त आलं असण्याचा संभव अधिक. म्हणून त्याची खरी ताकद आकड्यापेक्षा जरा कमी धरावी लागते. ती आपसातल्या सामन्यात ६० टक्के धरली, तर व्हाइट सॉक्सची शक्यता १७वरून २९वर जाते.

एका मालिकेवरून असे तर्क करता येतात. अनेक मालिका एकत्र पाहिल्या तर पाया पक्का होतो. संख्याशास्त्रज्ञ फ्रेडरिक मोस्टेलर यांनी १९५२मध्ये तोवरच्या वर्ल्ड सिरीजच्या निकालांवर एक निबंध लिहिला. त्यांच्या अंदाजानुसार सरस संघाची सामन्यामागची शक्यता सरासरीनं सुमारे ६५ टक्के आणि मालिका जिंकण्याची सुमारे ८० टक्के. म्हणजे पाच विश्वविजेत्यांतला साधारण एक प्रत्यक्षात दुबळा संघ होता. तो नेमका कोणता, हे मात्र या हिशेबातून कळत नाही.

या हिशेबाला हरकती घेता येतात. बेसबॉलमध्ये सुरुवातीचा पिचर रोज बदलतो, कारण एकदा खेळल्यावर त्याच्या हाताला काही दिवस विश्रांती लागते. त्यामुळे संघाची ताकद रोज सारखी नसते. घरचं मैदान असतं, दुखापती असतात. पण कधी ७० आणि कधी ५० टक्के अशी शक्यता वरखाली होत असेल आणि सरासरी ६० असेल, तर मालिकेचं उत्तर फारसं हलत नाही. उत्तर बिघडतं ते आपण ती सरासरीच चुकीची धरल्यामुळे.

मग बॅडमिंटनमध्ये तीनच गेमचा सामना असूनही वरचे खेळाडू सातत्यानं का जिंकतात? कारण तिथे खरी मालिका गुणांची असते. २१ गुणांपर्यंतचा गेम म्हणजे जवळपास ४१ गुणांची मालिकाच. प्रत्येक गुण मिळवण्याची शक्यता ५५ टक्के असेल, तर गेम जिंकण्याची शक्यता सुमारे ७४ टक्के होते, आणि तशा तीन गेमचा सामना जिंकण्याची सुमारे ८३ टक्के. दुपारभराच्या एका सामन्यात बॅडमिंटनपटूला ५५ टक्क्यांच्या बळावर जी खात्री मिळते, ती त्याच ५५ टक्क्यांच्या बेसबॉल संघाला सात सामन्यांतही मिळत नाही. म्हणून ‘बेस्ट ऑफ थ्री’ की ‘बेस्ट ऑफ सेव्हन’ एवढंच विचारून भागत नाही. एका सामन्याच्या पोटात निकाल देणारे किती छोटे प्रसंग आहेत, तेही पाहावं लागतं.

शेवटी उलटा प्रश्न. मालिका संपली, निकाल हाती आहे. त्यावरून कोण सरस हे किती खात्रीनं सांगता येईल? समजा, दोघांपैकी एक सरस आहे आणि त्याची सामन्यामागची शक्यता ६० टक्के आहे, पण तो कोणता हे आपल्याला ठाऊक नाही. विजेता सरस असेल, तर त्याचा प्रत्येक विजय ०.६चा आणि प्रत्येक पराभव ०.४चा. विजेता दुबळा असेल, तर नेमकं उलट. दोन्ही गुणाकारांची तुलना केली की विजय आणि पराभव एकमेकांना खोडत जातात आणि उरतो फक्त फरक. ४-३ मध्ये फरक एकाचा. म्हणजे सात सामने रंगून मिळालेला ४-३ हा निकाल कोण सरस हे सांगायला एकाच सामन्याच्या निकालाइतकाच भक्कम आहे. दोन्हींतून विजेता सरस असण्याची शक्यता ६० टक्केच निघते. ४-२ हा निकाल तीन सामन्यांतल्या २-० इतका, सुमारे ६९ टक्के. ४-० असेल तर ८३ ते ८४ टक्के.

लांब मालिकेचा फायदा आहे तो एवढाच की, तिच्यात मोठा फरक पडायला जागा मिळते. तो पडलाच नाही, तर लांबीनं काही सिद्ध होत नाही. सातव्या सामन्यापर्यंत ताणलेली मालिका पाहायला सर्वांत थरारक असते आणि कोण सरस याबद्दल सर्वांत कमी सांगते. चषक तरीही विजेत्याचाच, कारण नियम चार विजयांचा आहे. पण दुसऱ्या दिवशी हरलेल्या संघाचा कर्णधार बदलायची मागणी उठली, तर आधी धावफलकावरचा फरक मोजावा. तो एकाचा असेल, तर ती मागणी एका सामन्याच्या पुराव्यावर उभी आहे.