पंचवीस सांगितले, मुलाने ५२ लिहिले

दुसरीच्या वर्गात अंकांचे श्रुतलेखन घ्या. पंचवीस सांगितले की एखादा ५२ लिहितो, एकोणतीसला कोणी ३९ लिहितो. प्राथमिकच्या शिक्षकांना यात नवल वाटत नाही. पण याच शिक्षकांपैकी एखाद्या बाई शिक्षणशास्त्रात पीएच.डी.साठी अर्ज करतात तेव्हा विषय देतात, ‘प्राथमिक स्तरावरील विद्यार्थ्यांच्या गणितातील अडचणींचा अभ्यास’. वर्गात दिसलेली नेमकी चूक या शीर्षकात हरवून जाते, आणि मुलाखतीत समिती विचारते: कोणत्या अडचणी, कोणत्या इयत्तेच्या, मोजणार कशा?

म्हणून आधी वह्यांमधल्या चुका वेगळ्या करायच्या. मराठीत पंचवीस म्हणताना पाच आधी येतात आणि वीस नंतर. लिहिताना २ आधी. ऐकलेल्या क्रमाने लिहिले की ५२ होतात. एकोणतीसची चूक वेगळ्या जातीची: तिथे ‘तीस’ ऐकू येते, पण दशक दोनच असतात. दोन्ही चुका एकाच रकान्यात टाकल्या तर कारण सापडत नाही. आणि २२, ३३ या संख्या चाचणीत ठेवून उपयोग नाही, कारण त्यांत अंक उलटले तरी कळणार नाही.

आता खरा प्रश्न उभा राहतो. ५२ लिहिणाऱ्या मुलाला स्थानिक किंमत कळलेली नाही, की कळली असून लिहिताना क्रम उलटतो? त्याच मुलाला ‘पंचवीस काड्या दाखव’ म्हणा. त्याने दशकाचे दोन गठ्ठे आणि पाच सुट्या काड्या मांडल्या, तर समज आहे, अडचण शब्दाकडून अंकाकडे जाताना येते. पाच गठ्ठे मांडले तर उपाय वेगळा. ‘श्रुतलेखनात अंक उलटणाऱ्या दुसरीच्या मुलांपैकी किती जण तीच संख्या काड्यांनी बरोबर मांडतात?’ याचे उत्तर मोजून देता येते, आणि ते आधीपासून ठरलेलेही नाही.

यामागचे वाचनही सापडते. जर्मन भाषेतही एकक आधी बोलतात. ऑस्ट्रियातल्या मुलांच्या अशाच चुकांवर संशोधन झाले आहे. आपल्याकडे २०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकाने ‘वीस एक, वीस दोन’ असे वाचन सुचवले तेव्हा गदारोळ झाला. त्या वादातला एक दावा या प्रश्नाने तपासता येईल. मात्र ‘नव्या वाचनपद्धतीच्या परिणामकारकतेचा अभ्यास’ असे शीर्षक देण्याचा मोह आवरावा. तो शब्द प्रबंधांत फार झिजला आहे, आणि चुकीचे कारण कळण्याआधी उपायाची परीक्षा घेणे घाईचे ठरते.

एक पथ्य: स्वतःच्याच वर्गाची चाचणी स्वतः घेऊन स्वतः तपासू नये. मुले बाईंच्या चेहऱ्याकडे बघून उत्तर बदलतात. शेजारच्या शाळांतली मुले घ्यावीत, काही उत्तरपत्रिका दुसऱ्याकडूनही तपासून घ्याव्यात.

नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएच.डी. करता येते; त्यासाठी नियुक्ती प्राधिकाऱ्याचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. ते मागण्याआधी वर्गातल्या श्रुतलेखनाच्या वह्या जपून ठेवायला सुरुवात करा.